मॅट्रिक्सचा गुणाकार असा आडवा-उभा का करायचा?

ऋता_डेटा

मी डेटा सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे. मॅट्रिक्सचा गुणाकार मला करता येतो. पहिलीची ओळ धरायची, दुसरीचा स्तंभ धरायचा, जोड्या गुणायच्या आणि बेरीज करायची. उत्तरं बरोबर येतात. पण बेरीज करताना आपण जागच्या जागी आकडे मिळवतो, मग गुणाकारच असा का? जागच्या जागी गुणलं असतं तर काय बिघडलं असतं?

सरांनी वर्गात सांगितलं, "गुणाकार म्हणजे दोन ट्रान्सफॉर्मेशन एकापाठोपाठ एक करणं," आणि ते पुढच्या विषयाकडे वळले. वाक्य पाठ झालं, पण त्यातून ओळ आणि स्तंभ कुठून आले ते दिसत नाही. कुणी चित्र काढून सांगेल का? वहीत या दोन मॅट्रिक्स आहेत:

```
R = [[0, -1],
     [1,  0]]

S = [[1, 1],
     [0, 1]]
```

R म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने ९० अंश फिरवणं, आणि S म्हणजे तिरकं सरकवणं, असं शेजारी लिहिलंय.

---

लूपात_लूप

तीन लूप लिहून गुणाकार करत असशील तर आधी ते थांबव. १००० बाय १००० च्या दोन मॅट्रिक्स घेतल्या तर शंभर कोटी गुणाकार होतात. पायथनच्या लूपमध्ये वाट बघत बसशील. नमपायमध्ये `@` वापर, क्षणात होतं.

---

ऋता_डेटा

धन्यवाद, पण माझा प्रश्न वेगाचा नाही. नियम असाच का, हे विचारतेय.

---

आलेखकागद

ऋता, चौकडीचा कागद घे आणि आरंभबिंदूपासून दोन बाण काढ. एक उजवीकडे (१, ०) पर्यंत आणि दुसरा वर (०, १) पर्यंत. मी त्यांच्या टोकांना १ आणि २ म्हणतो, आरंभबिंदूला ०.

```
.  २  .
.  ०  १
```

आता R लाव, म्हणजे कागदावरचं सगळं डावीकडे वळव. बाण १ उजवीकडे होता तो वर गेला, बाण २ वर होता तो डावीकडे गेला.

```
.  १  .
२  ०  .
```

बाण १ कुठे पोचला? (०, १) ला. R चा पहिला स्तंभ बघ: ०, १. बाण २ पोचला (-१, ०) ला, आणि तोच दुसरा स्तंभ आहे. मॅट्रिक्स नावाची वस्तू एवढंच सांगते: पहिला बाण कुठे गेला ते पहिल्या स्तंभात, दुसरा कुठे गेला ते दुसऱ्यात. पुढचं काहीही वाचण्याआधी हे डोळ्यांसमोर पक्कं कर, कारण सगळी उकल इथेच आहे.

आता या वळलेल्या चित्रावर S लाव. S चा नियम असा की प्रत्येक बिंदू जितका वर असेल तितका उजवीकडे सरकतो. जमिनीवरचे बिंदू हलत नाहीत. बाण १ एक घर वर आहे, म्हणून तो एक घर उजवीकडे गेला. बाण २ जमिनीवरच आहे, तो जागचा हलला नाही.

```
.  .  १
२  ०  .
```

मधलं चित्र पुसून टाक. सुरुवात आणि शेवट एवढंच ठेव. बाण १ गेला (१, १) ला, बाण २ गेला (-१, ०) ला. हे दोन स्तंभ शेजारी शेजारी लिही:

```
[[1, -1],
 [1,  0]]
```

आणि आता तुझ्या ओळ-स्तंभाच्या रीतीने S गुणिले R करून बघ.

---

ऋता_डेटा

तेच आलं! पण मी तर एकही गुणाकार केला नव्हता, फक्त बाण हलवले. 

एक अडचण: आपण आधी R केलं, मग S. मग S गुणिले R का? R गुणिले S का नाही?

---

आलेखकागद

कारण बिंदू उजव्या बाजूला उभा असतो. S(R(बिंदू)) असं लिहिलं की बिंदूच्या जवळचं आधी लागतं. f(g(x)) मध्ये आधी g लागतो ना, तसंच. म्हणून उजवीकडून डावीकडे वाचायचं. कंटाळा न करता उलटा क्रमही काढून बघ.

---

ऋता_डेटा

काढला. आधी S:

```
.  .  २
.  ०  १
```

मग R:

```
२  १  .
.  ०  .
```

बाण १ गेला (०, १) ला आणि बाण २ गेला (-१, १) ला. उत्तर वेगळं आलं. म्हणजे वळवून सरकवणं आणि सरकवून वळवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मॅट्रिक्सचा गुणाकार क्रमनिरपेक्ष नसतो" हे वाक्य आम्ही पाठ केलं होतं. चित्रात ते उघड दिसतंय.

---

सदानंद_म

छान चाललंय. एक भर घालतो: दोन्ही ट्रान्सफॉर्मेशन फिरवण्याचीच असतील तर क्रमाने फरक पडत नाही. आधी ३० अंश मग ५० काय किंवा आधी ५० मग ३० काय, एकूण ८०. म्हणजे गोंधळ फक्त तिरकं सरकवणं, ताणणं वगैरे आलं की होतो. फिरवण्यापुरता क्रम विसरला तरी चालेल.

---

मृण्मयी_प

सदानंद, सपाट कागदावर तुमचं बरोबर आहे, पण तीन मितींत नाही. हातात एखादं पुस्तक धरा, मुखपृष्ठ तुमच्याकडे. एकदा ते उभ्या अक्षाभोवती ९० अंश फिरवून मग आडव्या अक्षाभोवती ९० अंश फिरवा. पुन्हा मूळ स्थितीत आणा आणि तेच उलट क्रमाने करा. अक्ष खोलीचे धरा, पुस्तकाबरोबर फिरणारे नकोत. शेवटी पुस्तकाची तोंडं वेगवेगळ्या दिशांना असतील.

---

सदानंद_म

केलं. एकदा कणा खाली आणि एकदा समोर. मान्य. माझं विधान दोन मितींपुरतं.

---

ऋता_डेटा

माझा मूळ प्रश्न अजून अर्धाच सुटलाय. बाण हलवून उत्तर मिळतं हे कळलं. पण ओळीतले आकडे स्तंभातल्या आकड्यांशी गुणून बेरीज का, हे अजून दिसलं नाही. S लावताना मी "जितका वर तितका उजवीकडे" हा नियम वापरला. प्रत्येक मॅट्रिक्सला असा सोपा नियम थोडाच असेल?

---

आलेखकागद

योग्य जागी बोट ठेवलंस. नियम नसला तरी चालतं, कारण दोन बाण कुठे गेले एवढं कळलं की प्रत्येक बिंदू कुठे जाईल ते ठरतं. (२, १) हा बिंदू घे. तिथे पोचायला बाण १ च्या दिशेने दोनदा चालायचं आणि बाण २ च्या दिशेने एकदा. ट्रान्सफॉर्मेशननंतर बाण हलले, पण पावलांची कृती तीच राहिली: नव्या बाण १ ने दोनदा, नव्या बाण २ ने एकदा. चौकडीच्या रेघा सरळ, समांतर आणि सारख्या अंतरावर राहतात, म्हणून हे चालतं. रेघा वाकल्या असत्या तर चाललं नसतं.

आता गुणाकारात R चा स्तंभ हा मधला मुक्काम आहे. समजा तो (p, q) आहे. त्यावर S लावायचं म्हणजे S चा पहिला स्तंभ p वेळा आणि दुसरा q वेळा. या बेरजेचा फक्त वरचा आकडा काढायचा असेल तर S च्या दोन्ही स्तंभांचे वरचे आकडे लागतील. दोन्ही स्तंभांचे वरचे आकडे म्हणजेच S ची पहिली ओळ. ओळ तिथून आली. तिला p, q ने गुणून बेरीज केलीस, की झाला तुझा ओळ गुणिले स्तंभ.

---

दोन_ठिपके

मला हे बाणांपेक्षा वाटांनी जास्त पटकन कळलं होतं, म्हणून दुसरं चित्र देते. ठिपक्यांच्या तीन उभ्या रांगा काढ. डावीकडे दोन ठिपके (येणारे x, y), मध्ये दोन (R नंतरचे x, y), उजवीकडे दोन (S नंतरचे x, y). पहिल्या आणि मधल्या रांगेतल्या रेघांवर R चे आकडे लिही, मधल्या आणि शेवटच्या रांगेतल्या रेघांवर S चे.

```
x ---- x ---- x
   \/     \/
   /\     /\
y ---- y ---- y
    R      S
```

आता विचार: डावीकडच्या y मुळे उजवीकडच्या x मध्ये किती भर पडते? तिथे जायला दोनच वाटा आहेत. एक मधल्या x वरून, एक मधल्या y वरून. एका वाटेवर चालताना आकडे गुणायचे, वेगवेगळ्या वाटांची बेरीज करायची. मधल्या x वरून: -१ गुणिले १, म्हणजे -१. मधल्या y वरून: ० गुणिले १, म्हणजे ०. एकूण -१. तुझ्या उत्तरात वर उजवीकडे तोच -१ आहे.

"पहिलीचे स्तंभ आणि दुसरीच्या ओळी सारख्या हव्यात" ही अटही यातच दिसते. मधली रांग एकच आहे, तिच्यात एका बाजूने तीन ठिपके आणि दुसऱ्या बाजूने दोन असं होऊ शकत नाही.

---

ऋता_डेटा

दोन_ठिपकेताई, वाटांच्या चित्राने डोक्यात एकदम उजेड पडला. गुणाकार वाटेवरून आला आणि बेरीज अनेक वाटांमुळे आली. आलेखकागददादांचं स्तंभांचं स्पष्टीकरण मी याच्यानंतर परत वाचलं, तेव्हा तेही नीट उतरलं.

मग जागच्या जागी गुणलं असतं तर काय झालं असतं, तेही मी करून पाहिलं. R आणि S चे आकडे जागच्या जागी गुणले तर हे येतं:

```
[[0, -1],
 [0,  0]]
```

पहिला स्तंभ ०, ० आहे. म्हणजे बाण १ आरंभबिंदूतच गडप झाला आणि अख्खा कागद एका रेघेवर चपटा झाला. R ने काही चपटं केलं नव्हतं, S नेही नाही. दोघांच्या एकत्र कामाशी याचा संबंधच राहिला नाही.

---

मृण्मयी_प

हे फार चांगलं करून पाहिलंस. जागच्या जागीचा गुणाकारही उपयोगी असतो, उदाहरणार्थ चित्राचा काही भाग झाकायला. पण ते वेगळं काम आहे. नमपायमध्ये `*` म्हणजे तो आणि `@` म्हणजे हा. दोन्ही मॅट्रिक्स २ बाय २ असल्या की `*` लिहूनही एरर येत नाही, चुकीचं उत्तर निमूटपणे मिळतं.

इतिहासातही क्रम हाच आहे. आर्थर केलीने १८५८ च्या निबंधात मॅट्रिक्सचा गुणाकार मांडला तो एका ट्रान्सफॉर्मेशननंतर दुसरं केलं तर काय होतं, त्यावरूनच. नियम नंतर आला, आधी गरज होती.

---

झुकलेली_रेघ

माझा अनुभव सांगतो. मी एका प्रोग्राममध्ये चित्रावरच्या खुणा फिरवत होतो. हाच R वापरला आणि खुणा घड्याळाच्या दिशेने फिरल्या. दोन दिवस मॅट्रिक्स तपासत होतो. मॅट्रिक्स बरोबरच होती. चित्राच्या फाइलमध्ये y वरून खाली मोजतात, त्यामुळे पडद्यावर उलटं दिसत होतं.

---

ऋता_डेटा

झुकलेली_रेघ, तुमचा प्रतिसाद वाचून मला वाटलं की माझंही तेच झालंय! मी आत्ता नमपायमध्ये (२, १) हा बिंदू घेऊन पाहिला. हाताने: R नंतर (-१, २), मग S नंतर (१, २). पण प्रोग्राम म्हणतो:

```
X = np.array([[2, 1]])
print(X @ (S @ R))
# [[ 3 -2]]
```

चित्र वगैरे काही नाही, नुसते आकडे आहेत. मग हे कुठून आलं?

---

झुकलेली_रेघ

y ची दिशा इथे कारण नसणार, कारण तू पडद्यावर काही काढतच नाहीयेस. कारण मला सांगता येणार नाही, पण S काढून फक्त R लावून बघ. दोन गोष्टी एकदम तपासल्या की कुठली चुकली ते कळत नाही.

---

ऋता_डेटा

`X @ R` ने `[[ 1 -2]]` आलं. हवं होतं (-१, २). उलट्या दिशेने फिरलं!

---

आलेखकागद

सापडलं. आत्तापर्यंत आपण बिंदू उभा लिहून मॅट्रिक्सच्या उजवीकडे ठेवला. तुझ्या डेटात बिंदू आडवा आहे आणि डावीकडे आहे. डेटाच्या टेबलात एक ओळ म्हणजे एक नोंद असते, त्यामुळे डेटा सायन्समध्ये बिंदू बहुतेकदा आडवेच भेटतील. आडवा बिंदू डावीकडून लावला की तो मॅट्रिक्सच्या ओळींना स्तंभ समजून चालतो. R च्या ओळी आणि स्तंभ अदलाबदल केले की घड्याळाच्या दिशेने फिरवणारी मॅट्रिक्स मिळते, म्हणून उलटं फिरलं.

उपाय म्हणजे प्रत्येक मॅट्रिक्स पालटून घे, म्हणजे ट्रान्सपोज कर, आणि आता डावीकडून उजवीकडे लिही:

```
print(X @ R.T @ S.T)
# [[1 2]]
```

बिंदू डावीकडे आहे, त्याच्या जवळचं आधी लागतं. नियम तोच आहे, बिंदूची जागा बदलली.

दिशा उलटी दिसली तर ट्रान्सपोज राहिलाय का ते आधी बघ. दिशा बरोबर आणि जागा चुकीची असेल तर क्रम बघ. आणि तपासायला (१, १) सारखा बिंदू घेऊ नकोस. दोन्ही आकडे सारखे असले की x आणि y ची अदलाबदल झालेली लक्षात येत नाही. (२, १) घेतलास ते बरं केलंस.

---

सदानंद_म

मग सुरुवातीपासूनच आडवे बिंदू का शिकवत नाहीत? डेटा आडवा, वाचन डावीकडून उजवीकडे, आधीचं आधी. पहिल्या वर्षाच्या मुलांना उलटं वाचायला लावून मग ट्रान्सपोज शिकवायचं, हा दुप्पट ताप आहे.

---

मृण्मयी_प

मला पटत नाही. गणिताची बहुतेक पुस्तकं उभे बिंदू धरतात आणि f(g(x)) शी तेच जुळतं. आडवं शिकलेल्या मुलाला पुस्तक उघडलं की ट्रान्सपोज करावाच लागेल, फक्त दुसऱ्या बाजूने.

---

सदानंद_म

पण विद्यार्थी पुस्तकापेक्षा टेबलात जास्त वेळ असतो. असो, यावर आपलं एकमत होणार नाही.

---

तिसरा_बाकडा

इतका वेळ वाचत होतो. मला डेटाची सरासरी वजा करून मग फिरवायचंय. "सरासरी वजा करणं" ही मॅट्रिक्स कशी लिहायची? बराच प्रयत्न केला, जमत नाही.

---

दोन_ठिपके

बिंदूंच्या बाजूने २ बाय २ मध्ये जमणार नाही. मॅट्रिक्स काहीही असो, आरंभबिंदू जागेवरच राहतो: शून्य पावलं कुठल्याही बाणांनी चाललं तरी शून्यच. सगळे बिंदू सरकवायचे तर आरंभबिंदूही सरकेल. म्हणून ती वजाबाकी वेगळीच कर, आणि फिरवण्याच्या आधी कर. नंतर केलीस तर सरासरीही फिरवलेली घ्यावी लागेल. प्रत्येक बिंदूला कायमचा १ असा तिसरा आकडा जोडून ३ बाय ३ ने सरकवता येतं, ग्राफिक्सवाले तसंच करतात, पण तुझ्या कामाला साधी वजाबाकी पुरे.

---

तिसरा_बाकडा

अच्छा, म्हणूनच जमत नव्हतं. धन्यवाद.

---

ऋता_डेटा

एक शेवटचं विचारते. दोन_ठिपकेताईंचं तीन रांगांचं चित्र आमच्या न्यूरल नेटवर्कच्या तासाला फळ्यावर होतं त्याच्यासारखंच आहे. मधल्या रांगेत तीन ठिपके घातले, म्हणजे आधी ३ बाय २ आणि मग २ बाय ३, तर मधे जास्त जागा मिळून जास्त काही करता येईल का?

---

आलेखकागद

नुसते गुणाकार असतील तर नाही. दोन येणारे, दोन जाणारे, आणि मध्ये तीन काय किंवा तीनशे ठिपके ठेवलेस तरी सगळ्या वाटांची बेरीज करून शेवटी एक २ बाय २ च उरते. तू आज मधलं चित्र पुसलंस ना, तसंच मधली रांग पुसली जाते. म्हणून त्या फळ्यावरच्या चित्रात मधल्या ठिपक्यांवर ऋण आकड्याला शून्य करणारी किंवा तसलीच काही वाकवणारी पायरी असते. चौकडीच्या रेघा तिथे मोडतात, आणि मग मधली रांग पुसता येत नाही.

उलटं मात्र होतं. मध्ये एकच ठिपका ठेवून बघ. १ बाय २ आणि मग २ बाय १. तुला हवे ते आकडे घे, बाण काढ आणि दोन्ही टोकं कुठे पडतात ते इथे लिही.

---

ऋता_डेटा

आधी `[[1, 1]]` घेतली आणि मग `[[2], [1]]`. मधल्या ठिपक्यावर दोन्ही बाण १ होऊन येतात आणि दोघंही (२, १) वर जाऊन बसतात. एकमेकांवर! दुसरे आकडेही घेऊन पाहिले. तेव्हा बाण वेगळ्या ठिकाणी पडले, पण दोन्ही आरंभबिंदूतून जाणाऱ्या एकाच रेघेवर. जागच्या जागी गुणलं तेव्हाही कागद असाच चपटा झाला होता.